‘जरा शुद्धलेखन बघून द्या’

दिवाळी अंकाचे दिवस जवळ आले, शाळेची स्मरणिका निघणार असली किंवा कुणाचे आत्मचरित्र छापायला जायचे असले, की मराठी बऱ्यापैकी जाणणाऱ्या माणसाच्या दारात एक फाइल येऊन पडते. सोबत निरोप असतो, ‘जरा शुद्धलेखन बघून द्या.’ ही विनंती दिसते साधी, पण एकाला तिच्यातून एवढेच म्हणायचे असते की माझे वाक्य माझेच राहू द्या, फक्त ऱ्हस्व-दीर्घ सांभाळा. दुसऱ्याला म्हणायचे असते की मला लिहिता येत नाही हे मला ठाऊक आहे, वाचण्याजोगे करून द्या. (तिसऱ्याला नुसते ‘छान झालंय’ ऐकायचे असते. त्याचे काम सगळ्यात सोपे.) दोघांचे शब्द तेच आणि कामे मात्र दोन टोकांची. माझे म्हणणे असे की हा घोळ निस्तरायची जबाबदारी फाइल पाठवणाऱ्यावर टाकता येत नाही, ती हातात लाल पेन असलेल्याचीच आहे. आणि ठरवता आले नाही, तर त्याने कमीत कमी काम करावे, जास्तीत जास्त नव्हे.

पूर्वी हा प्रश्न इतका टोकाला जात नसे, आणि त्याचे श्रेय कुणाच्या संयमाला नाही, शिशाला आहे. शिशाचे खिळे जुळवून मजकूर कंपोझ होत असे तेव्हा प्रुफात एखादा शब्द वाढवला, की ती ओळ पुन्हा जुळवावी लागे. त्या ओळीत न मावलेला शब्द पुढच्या ओळीत जाई, तिच्यातला त्याच्या पुढच्या ओळीत, आणि परिच्छेद संपेपर्यंत हे लोण चाले. ‘मुले’ऐवजी ‘मुलें’ पडले असेल तर एक खिळा उचलून दुसरा बसवला की झाले, पण ‘भाषा जरा ओघवती करू’ म्हणून वाक्य फिरवले, तर कंपोझिटरचे तास आणि मालकाचे पैसे. त्यामुळे मुद्रितशोधकाचा हात आपोआप आखडता राही. खटकलेल्या वाक्याशेजारी समासात प्रश्नचिन्ह टाकायचे आणि पान लेखकाकडे धाडायचे, ही रीत त्यातूनच रुळली. आता वाक्य बदलायला काहीच पडत नाही. संगणकावर अख्खे प्रकरण उलटेपालटे केले तरी कुणाचे बिल वाढत नाही. मोडता घालणारी धातूची गोष्ट गेली आणि ‘आलोच आहोत तर हेही नीट करू’ ही खोड मोकळी सुटली.

खोड कशी काम करते ते प्रत्यक्ष मजकुरावरच पाहिलेले बरे. मराठवाड्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी शाळेच्या स्मरणिकेसाठी लिहिले आहे असे धरू. असे परिच्छेद कुठल्याही स्मरणिकेच्या कच्च्या फाइलीत सापडतील.

‘बाहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावची माणसं खडी फोडायला जायची. माझी आई बी जायची. दुपारच्याला सुकडी भेटायची ती आई पदरात बांधून आमच्यासाठी आनायची. मीलो भेटायचा त्याच्या भाकरी लाल, खाली की पोट दूखायचं. विद्यार्थीदशेत मि असे दिवस काढले आणी त्यामूळेच मला शिक्षणाचे महत्व कळाले.’

निव्वळ शुद्धलेखन बघायचे तर काम थोडे आहे. ‘बाहात्तर’चे बहात्तर, ‘मीलो’चे मिलो, ‘दूखायचं’चे दुखायचं, ‘मि’चे मी, ‘आणी’चे आणि, ‘त्यामूळेच’चे त्यामुळेच, ‘महत्व’चे महत्त्व. ‘विद्यार्थीदशेत’ हे नियमाप्रमाणे विद्यार्थिदशेत होईल, कारण ‘विद्यार्थिन्’ हा मूळ शब्द समासाच्या आरंभी आला की शेवटचा स्वर ऱ्हस्व राहतो. इथपर्यंत कुणाचे दुमत व्हायचे कारण नाही. लेखकाला हे सगळे दाखवले तर तो ‘हो, बरं झालं’ म्हणेल आणि विसरून जाईल.

गाठ बसते ती उरलेल्या शब्दांशी. ‘आनायची’ ही चूक आहे का? पुण्याच्या शाळेत शिकलेला शोधक न थांबता ‘न’चा ‘ण’ करेल आणि आपण शुद्धलेखनच तपासले असे मानेल. पण हाच लेखक दोनच वाक्यांपुढे ‘आणी’ लिहितो, त्यातला ‘ण’ शाबूत आहे. म्हणजे त्याला ण ठाऊक आहे आणि आईबद्दल लिहिताना घरातला उच्चार लेखणीत उतरला आहे. ‘बी’ आणि ‘दुपारच्याला’ शेजारीच आहेत, तेही तेच सांगतात. ‘सुकडी भेटायची’ यातला ‘भेटायची’ बदलून ‘मिळायची’ करावे असे पुण्यामुंबईच्या कानाला हटकून वाटते, पण मराठवाड्यात आणि विदर्भात वस्तूही भेटतेच. ‘खाली की पोट दुखायचं’ हे मात्र वेगळे प्रकरण आहे. तिथे ‘खाल्ली’ म्हणायचे आहे की बोलीतले ‘खाली’च ठेवायचे आहे, हे मजकुरावरून कळत नाही, आणि ‘खाली’ म्हणजे जमिनीकडे असे वाचून वाचक अडखळण्याचा धोका खरा आहे. शेवटी ‘शिक्षणाचे महत्त्व कळाले’. आतापर्यंत ‘माणसं’, ‘दुखायचं’ लिहिणारा लेखक इथे एकदम ‘शिक्षणाचे’ म्हणतो. ही विसंगती म्हणावी, की आईची गोष्ट संपून भाषणाचा सूर लागला म्हणून भाषा कडक इस्त्रीची झाली म्हणावी? दोन्ही शक्य आहे.

या जागांवर शोधकाने काय करायचे, तर समासात विचारायचे. ‘आनायची असेच ठेवायचे ना? बी, दुपारच्याला यांच्याशी जुळते आहे.’ ‘खाली की खाल्ली? वाचक अडखळेल.’ ‘शेवटच्या वाक्यात शिक्षणाचे की शिक्षणाचं?’ तीन प्रश्न, एक फोन. पाच मिनिटांत मिटते. गुरुजी कदाचित म्हणतील, ‘आनायची नको हो, लोक हसतील, आणायची करा.’ मग करावे. तो त्यांचा अधिकार आहे. आपण परस्पर केले असते तर शब्द तोच छापला गेला असता, पण निर्णय आपला ठरला असता.

आता हाच परिच्छेद ‘चांगला करून’ दिला की कसा दिसतो तेही पाहू. ‘१९७२च्या भीषण दुष्काळात आमच्या गावातील ग्रामस्थ रोजगार हमी कायद्याखालील कामांवर खडी फोडण्यासाठी जात असत. माझी माताही त्यांत सहभागी होती. दुपारी मिळणारा पूरक आहार ती स्वतः न खाता आम्हां मुलांसाठी घेऊन येत असे. निकृष्ट धान्याच्या सेवनामुळे आम्हांला पोटदुखीचा त्रास होई. अशा प्रतिकूल परिस्थितीतून वाटचाल करत असतानाच मला शिक्षणाचे अनन्यसाधारण महत्त्व उमगले.’

शुद्धलेखनाची एकही चूक नाही, आणि पदर गेला. सुकडी गेली, मिलो गेला, लाल भाकरी गेली. ज्या चार वस्तूंनी बहात्तर साल डोळ्यांपुढे उभे राहत होते त्यांच्या जागी कोणत्याही सालाला चालतील असे शब्द आले. ‘स्वतः न खाता’ हे तर लेखकाने म्हटलेच नव्हते, ती भर शोधकाच्या मनातल्या आईची. आणि भाषा भारदस्त करण्याच्या भरात एक धडधडीत चूक आत शिरली. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७चा. बहात्तरच्या दुष्काळातली माणसे त्या कायद्याखाली खडी फोडायला जाणे शक्यच नव्हते. गुरुजींनी कायद्याचे नावही काढले नव्हते. त्यांच्या नावावर छापून आलेली ही चूक त्यांना गावात कुणीतरी दाखवणार, आणि ते ती ‘माझी नाही’ म्हणूही शकणार नाहीत. पुनर्लेखनाचा खरा धोका इथे आहे. वाक्य नव्याने रचायचे म्हटले, की रचणारा स्वतःची माहिती आणि समज त्यात ओततो, आणि तिची खातरजमा करायला मूळ लेखकाजवळ दुसरी प्रत नसते.

यावर ठरलेला आक्षेप असा, की नियम नियमच असतात, बोलीचे लाड किती करायचे? ज्यांच्या नावाने हे बोलले जाते ते नियम उघडून पाहावेत. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक १४ नियम १९६२ साली शासनाने मान्य केले, १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली. पात्रांच्या तोंडची भाषा बोलल्याप्रमाणे लिहायची मोकळीक त्या नियमांतच आहे. आणखी एक नियम तर शोधकाच्या हाताला थेट लगाम घालतो. केशवसुतांच्या आधीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचे गद्य यांतले उतारे छापताना ते मुळात आहेत तसेच छापावेत, असे तो सांगतो. म्हणजे नियम करणाऱ्यांनाच कळले होते, की काही मजकुराला आजचे ऱ्हस्व-दीर्घ लावले तर तो दुरुस्त होणार नाही, खोटा होईल. जुन्या लेखकाला ही सवलत आहे. हयात लेखकाला तीही लागत नाही, कारण त्याला विचारता येते.

शुद्धलेखन आणि शैली यांच्यामध्ये भिंत आहे असे मी म्हणत नाही. मराठीत तर ती फारच पातळ आहे. ‘पहा’चे ‘पाहा’ करणे नियमाला धरून, पण कवितेच्या ओळीत तेवढ्याने मात्रा वाढते. ‘असं’चे ‘असे’ करणे म्हणजे एका अनुस्वाराचा प्रश्न, पण अख्ख्या लेखात तो बदल केला की गप्पांचा लेख परिपत्रकासारखा वाजू लागतो. भिंत नाही म्हणूनच कामाचे टप्पे आधी ठरवून घ्यावे लागतात.

हे जगात कुणीच केले नाही असे नाही. अमेरिकेत पॅसाडीना येथे जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी आहे, अवकाशयाने पाठवणारी. तिथल्या शास्त्रज्ञांचे अहवाल तपासणाऱ्या रॉबर्ट व्हॅन ब्यूरन आणि मेरी फ्रान ब्यूलर या दोघांनी १९७६ साली संपादनाच्या कामाचे नऊ प्रकार पाडले आणि त्यांच्या पाच पातळ्या ठरवल्या. एका टोकाला सगळे नऊ प्रकार, दुसऱ्या टोकाला अगदी थोडे. आकृत्यांचे क्रमांक मजकुराशी जुळतात का हे पाहणे एका खान्यात, भाषा सफाईदार करणे दुसऱ्या, आणि मजकुराच्या गाभ्याला हात घालणे सर्वांत वरच्या. अहवाल हातात घेण्याआधी ठरवायचे, की हा कोणत्या पातळीवर तपासायचा. मागे कारण व्यवहाराचेच होते, वेळ आणि पैसा किती लागणार हे आधी कळावे. पण त्यातून आपोआप एक शिस्त आली. वरच्या पातळीचे काम खालच्या पातळीच्या नावाखाली करायचे नाही.

आपल्याकडे नऊ खाने कुणी मांडणार नाही, आणि गुरुजींना ‘आपणांस कोणती पातळी हवी’ असे विचारले तर ते फाइल परत घेतील. प्रकारांची नावे विचारून उपयोग होत नाही, कारण ती नावे शोधकाच्या डोक्यातली असतात. त्याऐवजी तीन साध्या गोष्टी विचाराव्यात. कुठे छापायचे आहे, केव्हा, आणि पाने लागली आहेत का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांत बोलके असते. पान क्रमांक पडलेली, फोटो बसवलेली पीडीएफ आली असेल तर वाक्ये फिरवायची वेळ टळून गेली आहे. एक ओळ वाढली तर फोटो पुढच्या पानावर जाईल आणि अनुक्रमणिका चुकेल. अजून वर्डची फाइल असेल तर चर्चेला जागा आहे. मग त्या फाइलीतले एक पान घ्यावे आणि ते दोन तऱ्हांनी करून पाठवावे, एकदा नुसते शुद्धलेखन आणि एकदा आपल्याला योग्य वाटणारे संपादन. सोबत विचारावे, यातले कोणते? माणसाला काय हवे ते शब्दांत सांगता येत नाही, पण दोन पाने समोर ठेवली की बोट बरोबर एकावर जाते. पुष्कळदा तो म्हणतो, ‘दुसरं छान आहे, पण हे माझं वाटत नाही.’ उत्तर मिळाले.

बाकीची शिस्त वर्डमधल्या ट्रॅक चेंजेसची. Ctrl+Shift+E दाबून ते सुरू केल्यावाचून दुसऱ्याच्या फाइलीत स्वल्पविरामही टाकू नये. बदल दिसला तर तो नाकारता येतो. न दिसलेला बदल छापून आल्यावरच कळतो.

आता उलट्या बाजूचे प्रकरण, कारण वरचे वाचून ‘हात लावूच नका’ असे माझे म्हणणे वाटेल. जाहिराती, माहितीपत्रके, बँकांचे आणि विमा कंपन्यांचे मराठी मजकूर शोधकाकडे येतात ते ‘फक्त प्रूफ बघा’ या सूचनेसह, आणि मोबदलाही तेवढ्याच कामाचा धरलेला असतो. त्यात वाक्य असते, ‘अधिक माहितीसाठी आमच्याशी संपर्क साधण्यास मोकळे वाटा.’ ऱ्हस्व-दीर्घ बिनचूक आहेत. व्याकरणाचे पुस्तक घेऊन बसलात तरी बोट ठेवायला जागा नाही. आणि तरी हे मराठी नाही. ‘अधिक माहिती हवी असल्यास फोन करा’ एवढेच म्हणायचे होते. अशा मजकुरावर ‘तपासले’ अशी सही करणे ही ग्राहकाची फसवणूक आहे. त्याला वाटते मराठी ठीक झाले, प्रत्यक्षात फक्त वेलांट्या ठीक झाल्या.

गुरुजींच्या लेखाला हात लावू नका म्हणणारा मी इथे लावा म्हणतो, यात विरोध नाही. गुरुजींच्या परिच्छेदामागे एक माणूस आहे आणि वाक्य कसेही असले तरी ते त्याच्या तोंडचे आहे. माहितीपत्रकातले ‘मोकळे वाटा’ कुणाच्याच तोंडचे नाही. तिथे जपण्यासारखा आवाज नाही, पोचवायची माहिती तेवढी आहे. तरीही परस्पर बदलू नये. पहिल्या पानावरची अशी दोन-तीन वाक्ये पर्यायासह दाखवावीत आणि स्पष्ट कळवावे, की हे काम प्रुफाचे नाही, मजकूर पुन्हा लिहावा लागेल, त्याचा मोबदला वेगळा. ग्राहक नाही म्हणाला तर वेलांट्या दुरुस्त करून ‘केवळ शुद्धलेखन तपासले’ असे लिहून द्यावे. ‘केवळ’ हा शब्द बिलावरही लिहावा.

तिसरा प्रसंग असा आहे, की जिथे लेखकाने हात जोडून मागितले तरी देता येत नाही. पीएच.डी.चा प्रबंध. विद्यार्थी म्हणतो, ‘सर, शुद्धलेखन बघा, आणि वाटेल तिथं वाक्य सुधारा.’ परवानगी पूर्ण आहे, ट्रॅक चेंजेस सुरू आहे, मोबदलाही ठरला आहे. पण प्रबंधात तपासली जाते ती त्या विद्यार्थ्याची मांडणी, आणि मानव्यविद्यांमध्ये मांडणी व वाक्य यांना वेगळे काढता येत नाही. ‘या कादंबरीत स्त्रीचे चित्रण आहे’ या वाक्याचे ‘ही कादंबरी स्त्रीच्या दुय्यमत्वाचा प्रश्न उपस्थित करते’ असे केले, की भाषा सुधारली असे वाटते, प्रत्यक्षात शोधकाने विद्यार्थ्याला एक निष्कर्ष बहाल केला. ऑक्सफर्डसारख्या विद्यापीठांनी यासाठी लेखी मर्यादा घालून दिल्या आहेत. बाहेरच्या शोधकाने चुका दाखवाव्यात, मजकूर पुन्हा लिहू नये, असा त्यांचा रोख आहे. आपल्याकडे मात्र प्रबंध टायपिंगच्या दुकानातून बाहेर पडेपर्यंत त्यात कुणाकुणाचा हात लागला हे कुणी विचारत नाही, मार्गदर्शकही नाही. इथे लेखकाची संमती पुरेशी नाही, कारण फसवला जाणारा तिसराच आहे, तो परीक्षक.

अशा फाइलीत वाक्य खटकले तर समासात लिहावे, ‘इथे नेमके काय म्हणायचे आहे?’ आणि पुढे सरकावे. विद्यार्थी चिडतो. त्याला उत्तर हवे असते आणि आपण प्रश्न परत करतो. पण ते वाक्य त्याने स्वतः तीनदा लिहिले तर तोंडी परीक्षेत त्याला ते सांगताही येते.

प्रकाशकांकडून एक मागणी मात्र करता येईल आणि तिला पैसे लागत नाहीत. पुस्तकाच्या श्रेयपानावर ‘मुद्रितशोधन’ असा एक शब्द छापलेला असतो. काही पुस्तकांत त्या शब्दाखाली ज्याने केवळ वेलांट्या पाहिल्या त्याचे नाव असते, काहींत ज्याने निम्मे पुस्तक पुन्हा लिहिले त्याचे. सत्यकथेचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रे लिहून कथा त्यांच्याकडूनच पुन्हा लिहून घेत, हे मराठी वाचकांना ठाऊक आहे. ते काम संपादनाचे होते, ते उघडपणे झाले, आणि लेखणी लेखकाच्याच हातात राहिली. आज पुनर्लेखन शोधक करतो आणि श्रेयपान त्याला मुद्रितशोधन म्हणते. ‘शुद्धलेखन’, ‘भाषासंपादन’ आणि ‘पुनर्लेखन’ असे तीन वेगळे शब्द छापायला लागले, तर लेखक फाइल पाठवतानाच विचारील की माझ्या पुस्तकावर यातला कोणता शब्द येणार आहे.